कथेतला सांधा: वाचकाला एका जागेवरून दुसऱ्या जागी, एका दिवसातून दुसऱ्या दिवसात कसे न्यावे

माझ्या पहिल्या कथेतील माणसे फार चालत असत. ती दारातून बाहेर पडत, चपला शोधत, रिक्षा थांबवत, नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरत आणि उतरल्यावर पुन्हा चालू लागत. नाशिकमध्ये आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा एका मित्राच्या घरी कथा वाचायला जमतो. तिथे ती कथा वाचून झाल्यावर एका ज्येष्ठ बाईंनी विचारले, "या माणसाला दवाखान्यात पोहोचायला दीड पान का लागले?" मला उत्तर देता आले नाही. पुढच्या कथेतून मी सगळे प्रवास काढून टाकले. ती वाचल्यावर त्याच बाईंनी विचारले, "हे सगळे एकाच दिवशी घडते का?" ती कथा प्रत्यक्षात चार महिन्यांत घडत होती.

या दोन प्रश्नांच्या मधली जागा सापडायला मला बराच काळ लागला. नव्याने कथा लिहिणाऱ्यांचा तो काळ वाचावा म्हणून हा लेख लिहीत आहे. एक प्रसंग संपून दुसरा सुरू होतो त्या जागेला मी इथे सांधा म्हणणार आहे. उदाहरणासाठी त्या दुसऱ्या कथेचाच प्रवास काढण्यापूर्वीचा पहिला खर्डा आणि त्याची नंतरची दुरुस्ती घेतली आहे. दिंडोरी तालुक्यातील एका गावात तात्यांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरमधील गोडी छाटणीच्या, म्हणजे फळांसाठी केलेल्या छाटणीच्या, दिवशी संध्याकाळी त्यांच्या छातीत कळ येते. मुलगा माधव आणि सून सुनंदा त्यांना नाशिकला दवाखान्यात आणतात. तिकडे छाटलेल्या बागेचे काम थांबवता येत नाही, कारण बाग एकसारखी फुटावी म्हणून काड्यांच्या डोळ्यांना छाटणीपाठोपाठ पेस्ट लावावी लागते. कथा द्राक्षे उतरण्याच्या वेळी संपते.

## १. लागणारे साहित्य

कथेचा पूर्ण झालेला पहिला खर्डा कागदावर छापून घ्या. सांधे पडद्यावर नीट दिसत नाहीत, कारण तिथे एका वेळी अर्धेच पान समोर असते. सोबत एक पेन्सिल, ज्या वर्षी कथा घडते त्या वर्षाची तिथी दाखवणारी दिनदर्शिका, कथेतील ठिकाणांचा साधा नकाशा आणि कथा आधी न वाचलेला एक माणूस लागेल. या माणसाची गरज शेवटच्या पायरीला आहे, त्यामुळे त्याला तोवर कथेबद्दल काही सांगू नका.

पहिला खर्डा लिहिताना सांध्यांची काळजी करू नये, असे माझे मत आहे. माणसे चालत असतील तर चालू द्या. त्या चालण्यातूनच पुढे उपयोगी पडणारी एखादी वस्तू हाती लागते.

## २. कथेचे दिवस मोजून घ्या

एका कोऱ्या कागदावर प्रत्येक प्रसंगासाठी एक ओळ लिहा: कोणता दिवस, दिवसाची कोणती वेळ, कोणती जागा आणि मागच्या प्रसंगानंतर किती वेळ गेला. वाचकाला ही यादी कधीच दिसणार नाही, परंतु ती तुमच्याजवळ नसेल तर सांधा कितीही सुबक केला तरी खोटा पडतो.

माझ्या खर्ड्यात छाटणीचा दिवस कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी होता आणि बागेवर मोठा चंद्र उगवत होता. इथवर ठीक होते. पुढे सहाव्या रात्री, दवाखान्याच्या खिडकीत, मी संध्याकाळी सात वाजता पुन्हा टिपूर चांदणे पाडले होते. पौर्णिमेनंतर चंद्र दररोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, म्हणजे त्या रात्री दहा-अकरा वाजेपर्यंत तो दिसायलाच नको. शेतात राहिलेल्या वाचकाला असे चांदणे लगेच खटकते आणि मग तो तुमच्या पुढच्या कोणत्याही "चार दिवसांनी"वर विश्वास ठेवत नाही.

नकाशाचेही तसेच आहे. दिंडोरीकडून येणारा रस्ता म्हसरूळवरून पंचवटीत उतरतो. दवाखाना पंचवटीत असेल तर माधवला गोदावरी ओलांडावी लागत नाही, पण तो रविवार कारंजाच्या बाजूला असेल तर ओलांडावी लागते. मी पुलावरचे दिवे वर्णन करून ठेवले होते आणि दवाखाना मात्र अलीकडेच होता.

दिवस मोजताना कथेच्या आत आधीच चालू असलेले एखादे घड्याळ सापडते का, ते पाहा. द्राक्षबागेत ते आयते मिळते. छाटणीनंतर आठवडाभरात डोळे फुगू लागतात, मग पोंगा, मग पाने, पाच-सहा आठवड्यांच्या आसपास फुलोरा, तीन महिन्यांच्या सुमाराला मण्यांत पाणी उतरते म्हणजे ते मऊ पडू लागतात आणि साधारण चार महिन्यांनी काढणी येते. यातील एकेक शब्द म्हणजे एकेक तारीख आहे. पावसाळ्यातील नाशिकची कथा असेल तर रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हेच काम करतो. सकाळच्या प्रसंगात पाणी त्याच्या गुडघ्याला आणि पुढच्या प्रसंगात कमरेला लागले असेल, तर मधला वेळ वेगळा सांगावा लागत नाही. त्याच्याकडे पाहून पुराचा अंदाज घेण्याची इथल्या लोकांची सवयच आहे. घड्याळ कोणतेही असो, ते पहिल्या प्रसंगात एकदा वाचकाला दाखवून ठेवा. फुलोरा कशाच्या आधी येतो हे रत्नागिरीच्या किंवा मुंबईच्या वाचकाला माहीत असेलच असे नाही, म्हणून तात्यांच्या तोंडी मी सुरुवातीलाच एक वाक्य घातले: "आज छाटली, म्हणजे संक्रांतीला पाणी उतरेल."

## ३. प्रसंग कुठे सोडायचा ते ठरवा

पहिल्या प्रसंगाचा शेवट माझ्या खर्ड्यात असा होता:

> तात्या खाली बसले. त्यांना बरे वाटत नव्हते. माधवने त्यांना उठवले आणि गाडीत बसवले. सुनंदाने घराला कुलूप लावले. गाडी दिंडोरीतून बाहेर पडली. रस्त्यावर अंधार होता. म्हसरूळ आले तेव्हा आठ वाजले होते. दवाखान्यात पोहोचल्यावर माधवने केसपेपर काढला.

यातील कोणतेही वाक्य चुकीचे नाही, तरीही इथे वाचकाची नजर घसरते. माधवला निर्णय घ्यावा लागतो तो क्षण पहिल्या दोन वाक्यांतच संपला आहे. तात्या कोसळल्यावर तो त्यांना दवाखान्यात नेणार, हे वाचकाला कळते. जे वाचक स्वतः भरून काढू शकतो ते सोडून द्यावे आणि जे तो भरून काढू शकत नाही ते लिहावे, या एका कसोटीवर मी आता प्रत्येक प्रवास तपासतो. समजा वाटेत तात्या म्हणाले असते, "गाडी वळव, मला घरीच राहायचंय," तर तो प्रवास ठेवावा लागला असता, कारण मग गाडीतच काहीतरी बदलले असते.

दुरुस्तीसाठी एक सोपी कृती आहे. प्रसंगाच्या शेवटच्या वाक्यापासून मागे वाचत या आणि ज्या वाक्यानंतर परिस्थिती बदललेली नाही तिथे पेन्सिलने रेघ मारा. बहुतेक वेळा ही रेघ तुम्हाला वाटते त्यापेक्षा पाच-सहा वाक्ये वर पडते. माझी "तात्या खाली बसले" याच्या खालीच पडली.

रेघ मारल्यावर एक सापळा समोर येतो. प्रसंग अचानक संपल्यासारखा वाटतो, म्हणून आपण शेवटी एखादे वजनदार वाक्य जोडतो. "आता काहीच पूर्वीसारखे राहणार नव्हते", या धर्तीचे. असे वाक्य वाचकाला थांबवते, आणि सांध्यापाशी तर त्याला पुढे न्यायचे असते. शेवट एखाद्या कृतीवर करा, आणि ती कृती जरा अपुरी राहिली तरी हरकत नाही.

## ४. नव्या प्रसंगात पहिल्या दोन-तीन वाक्यांत पाय टेकवू द्या

नव्या प्रसंगात शिरताच वाचक मनात तीन प्रश्न विचारतो: मी कोणाबरोबर आहे, कुठे आहे आणि किती वेळ गेला? उत्तरे पहिल्या दोन-तीन वाक्यांत मिळाली की तो निश्चिंत होतो. ती मिळाली नाहीत तर तो पुढचा मजकूर वाचत असतो, पण त्याचे निम्मे लक्ष उत्तरे शोधण्यात असते, आणि तेवढ्यात तुमचा सर्वांत चांगला संवाद निघून जातो.

दुरुस्त केलेला सांधा असा झाला:

> तात्यांच्या हातातून कात्री सुटली आणि मातीत पडली. ते वाकले, पण कात्रीसाठी नव्हे. माधवने धावत येऊन एका हाताने त्यांना सावरले आणि दुसऱ्या हाताने, सवयीने, कात्री उचलली.
>
> * * *
>
> "पेशंटसोबत कोण आहे?" सिस्टरने दुसऱ्यांदा विचारले, तेव्हा माधव पुढे झाला. केसपेपर घेण्यासाठी त्याने हात पुढे केला आणि सिस्टर एक पाऊल मागे सरली. त्याच्या हातात अजून छाटणीची कात्री होती.

"सिस्टर", "पेशंट" आणि "केसपेपर" या तीन शब्दांनी जागा सांगितली. "माधव" या नावाने माणूस सांगितला. किती वेळ गेला, हे कात्रीने सांगितले: तो बागेतून जसाच्या तसा उठून आला आहे आणि ही तीच संध्याकाळ आहे. प्रवास कसा झाला, हेही वाचकाला त्या कात्रीतून दिसते, आणि मला दिंडोरी रस्त्याचे एकही वाक्य लिहावे लागले नाही.

नव्या प्रसंगाच्या पहिल्या वाक्यात माणसाचे नाव घ्या. मराठीत हे विशेष सांभाळावे लागते, कारण आपल्याकडे "ते" हा एकच शब्द आदरार्थी तात्यांसाठी, अनेक माणसांसाठी आणि घर, झाड, पाणी अशा नपुंसकलिंगी वस्तूंसाठीही चालतो. "ते शांत होते" या वाक्याने प्रसंग सुरू झाला, तर वाचकाला तात्या, नातेवाईक आणि घर या तिन्ही शक्यता धराव्या लागतात. याउलट क्रियापदातले लिंग आपल्या मदतीला येते. दोन माणसांच्या प्रसंगात "उठली तेव्हा बाहेर उजाडले होते" एवढ्यानेही ती सुनंदा आहे हे कळते, पण हे फक्त प्रसंगात दुसरी बाई नसेल तेव्हाच करावे.

सुरुवातीचा आणखी एक सापळा म्हणजे सकाळ. माझ्या खर्ड्यातील सहांपैकी चार प्रसंग कोणीतरी उठण्याने किंवा चहाने सुरू होत होते. आपल्याला दिवस बदलल्याचे सांगायचे असते आणि हात आपोआप चहाकडे जातो. दिवस सकाळी सुरू होत असला तरी प्रसंग सकाळी सुरू करण्याचे बंधन नाही. ज्या क्षणी त्या दिवशीची अडचण समोर येते, तिथेच थेट शिरा.

वेळदर्शक शब्दांबद्दल एक सूचना. "काल", "आज", "उद्या" हे बोलणाऱ्याच्या दिवसावरून मोजले जातात, म्हणून ते संवादात ठेवावेत. निवेदनात "आदल्या दिवशी", "त्या दिवशी", "दुसऱ्या दिवशी" वापरावे. "परवा" तर मागचाही असतो आणि पुढचाही, आणि तो कोणता हे केवळ क्रियापदावरून कळते. "परवा तात्यांना वॉर्डात आणणार" हे बोलण्यात स्पष्ट आहे, पण निवेदनात "परवाची गोष्ट" असे लिहिले की वाचक क्षणभर अडतो.

## ५. जमले तर एखादी वस्तू सांध्यापलीकडे जाऊ द्या

दवाखान्यातील पहिल्या रात्रीनंतर माझ्या खर्ड्यात एक लांब प्रसंग होता. माधव दुसऱ्या दिवशी गावी परत जातो, मजूर गोळा करतो, पेस्ट कालवतो, डोळ्यांना लावतो आणि मन मात्र दवाखान्यात असते. हे वर्णन मी फार मेहनतीने लिहिले होते, कारण ते काम मी लहानपणापासून पाहिले आहे. तरीही वाचनात ऐकणारे तिथे सैल पडत. कारण उशिरा लक्षात आले: माधव जाणार की नाही, हा प्रश्न दवाखान्यात सुनंदाच्या बोलण्यातच सुटला होता. "तुम्ही जा, मी थांबते," असे ती म्हणते आणि तो काही बोलत नाही. त्यानंतर बागेत जे होते ते काम आहे. त्या कामामुळे माधव आणि तात्या यांच्यात काही बदलत नाही. बदलते ते तात्यांना कळते तेव्हा.

लावलेले डोळे ओळखता यावेत म्हणून पेस्टमध्ये रंग मिसळतात. माझ्या माहितीतल्या बागेत तो लाल असे आणि कपड्यांवर पडला की जात नसे. तो प्रसंग मी पूर्ण काढला आणि सांधा असा केला:

> "तुम्ही जा, मी थांबते," सुनंदा म्हणाली. माधवने गाडीची किल्ली खिशातून काढली, पाहिली आणि पुन्हा खिशात ठेवली.
>
> * * *
>
> तिसऱ्या दिवशी तात्यांना वॉर्डात आणले. माधव आला तेव्हा ते डोळे मिटून पडले होते. त्याने पांघरूण सारखे केले, तशी त्यांनी डोळे उघडले आणि त्याच्या शर्टाच्या बाहीकडे पाहिले. बाहीवर लाल ठिपके होते.
>
> "सगळी झाली?"
>
> "वरची पट्टी राहिलीय."
>
> "जा मग."

बागेतले दोन दिवस आता कथेत कुठेच नाहीत, पण ते घडले आहेत हे बाहीवरून कळते. माधव शेवटी गेला होता, हे वाचकाला आणि तात्यांना एकाच क्षणी समजते. दीड पानाचे वर्णन काढताना मला फार वाईट वाटले होते. ते वेगळ्या वहीत ठेवले आहे.

अशी वस्तू निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ती सांध्याच्या आधी वाचकाने पाहिलेली असली पाहिजे. लाल रंगाची पेस्ट पहिल्या प्रसंगात आली नसती, तर बाहीवरचे ठिपके दवाखान्यात रक्तासारखे वाटले असते आणि वाचक भलत्याच काळजीत पडला असता. म्हणून पहिल्या प्रसंगात तात्या पेस्टचा डबा हलवतात आणि झाकणावरचा लाल ओघळ पोत्याला पुसतात, असे एक वाक्य मी नंतर घातले. दुसरी गोष्ट, वस्तूमध्ये मधल्या काळाने काहीतरी बदल केला पाहिजे. कात्री शेतात असते तेव्हा अवजार असते आणि दवाखान्यात ती सिस्टरला घाबरवते. केवळ सारखेपणासाठी जोडलेले सांधे, म्हणजे इकडे दार लागले आणि तिकडे दार उघडले, इकडे चूल पेटली आणि तिकडे काडेपेटी ओढली, एकदा बरे वाटतात. दुसऱ्यांदा आले की वाचकाला लेखकाची युक्ती दिसते. पूर्ण कथेत वस्तूचे सांधे मी दोनच ठेवले. बाकीचे सरळ "तिसऱ्या दिवशी", "त्याच रात्री" असे आहेत, आणि त्यात काही कमीपणा नाही.

## ६. महिन्यांची उडी मारताना उधारी आधी फेडा

वॉर्डातील प्रसंगानंतर कथा ऑक्टोबरमधून जानेवारीत जाते. इथे माझ्याकडून मोठी चूक झाली होती. तात्या वाचले की नाही, हे मी मुद्दाम लपवले. नवा प्रसंग बागेत सुरू होई, माधव घड पाहत फिरे, व्यापारी भावाबद्दल बोले आणि दोन पाने झाल्यावर तात्या पडवीतून हाक मारत. मला वाटले, हाक ऐकून वाचक सुखावेल. वाचनाच्या वेळी मात्र ऐकणाऱ्यांनी ती दोन पाने तात्या गेले असे समजूनच ऐकली. व्यापाऱ्याशी होणारी बोलणी कोणाच्याही लक्षात राहिली नाही, आणि एका मित्राने स्पष्टच सांगितले की त्याला फसवल्यासारखे वाटले.

ज्या प्रश्नावर तुम्ही आधीचा प्रसंग सोडला, तो प्रश्न वाचक उडीच्या पलीकडे हातात धरून येतो. त्याचे उत्तर पहिल्या दोन वाक्यांत द्या आणि मगच नवा विषय काढा. दुरुस्तीनंतर प्रसंग असा सुरू होतो:

> मण्यांत पाणी उतरले त्या आठवड्यात व्यापाऱ्याचा पहिला फोन आला. तात्यांनी तो पडवीतल्या खुर्चीतूनच घेतला.

पहिल्या वाक्याने तीन महिने ओलांडले, आणि "संक्रांतीला पाणी उतरेल" हे सुरुवातीचे बोलणे लक्षात असलेल्या वाचकाला महिनाही कळला. दुसऱ्या वाक्याने तात्या जिवंत आहेत हे सांगितले, आणि "खुर्चीतूनच" या शब्दाने ते पूर्वीसारखे बागेत फिरत नाहीत हेही सांगितले. तात्या गेले असते तरी रचना हीच राहिली असती, फक्त फोन माधवने घेतला असता आणि पलीकडच्या माणसाने तात्यांना फोन द्यायला सांगितले असते.

उडी मारल्यावर मधल्या महिन्यांचा हिशेब देऊ नका. "या तीन महिन्यांत बरेच काही घडले होते" असे लिहून मग औषधे, कर्ज, पाहुणे असा परिच्छेद भरला, की उडी मारूनही वाचक ते तीन महिने चालतोच. यातील जे खरोखर लागेल, ते पुढे ज्या क्षणी लागेल तिथे येऊ द्या.

## ७. मागे जाताना "होता"चे दार वापरा

भूतकाळात घडणाऱ्या कथेतून त्याहून मागे जायचे असेल तर मराठीत "केले होते", "शिकवले होते" ही रूपे दाराचे काम करतात. दारातून आत शिरताना ती एक-दोनदा वापरावीत आणि आत गेल्यावर साध्या भूतकाळात यावे. सगळी आठवण "होते, होते" करत लिहिली की वाक्ये जड होतात आणि कान थकतो.

> माधव आठ वर्षांचा असताना तात्यांनी त्याला काडीवरचे डोळे मोजायला शिकवले होते. त्या दिवशी ते ओळीने पुढे चालले आणि तो मागून आकडे म्हणत गेला. सातव्या झाडापाशी तो चुकला. तात्या थांबले, पण काही बोलले नाहीत. त्यांनी त्याला पुन्हा पहिल्या झाडापाशी नेले.
>
> सलाईन संपत आले. माधव उठून सिस्टरला बोलवायला गेला.

परत येण्याचे वाक्य नीट पाहा. माझ्या खर्ड्यात तिथे "सलाईन संपत आले होते" असे होते. वाक्य व्याकरणात बरोबर आहे, पण "होते" हे मागे जाण्याचे दार असल्यामुळे वाचकाला आणखी मागे गेल्यासारखे वाटते. परत येताना साधा भूतकाळ आणि चालू प्रसंगातील आधी पाहिलेली वस्तू, एवढे पुरे. "त्याला आठवले" आणि "तो भानावर आला" या जोडीची मग गरज उरत नाही. आठवण पाच-सहा वाक्यांपेक्षा लांबली तर मात्र तिला स्वतंत्र प्रसंग करून आधी-नंतर मोकळी जागा सोडावी.

## ८. एकाच वेळी दोन जागा

माधव बागेत आणि सुनंदा दवाखान्यात, अशी स्थिती असेल तर "इकडे" आणि "तिकडे" हे आपले जुने शब्द अजूनही उत्तम चालतात. कीर्तनात आणि आजीच्या गोष्टीत आपण ते ऐकत आलो आहोत. "इकडे नाशकात सुनंदाने डबा उघडला" हे वाक्य कोणालाही अडवत नाही. फक्त "इकडे" म्हणजे कोणती जागा, हे कथेच्या शेवटापर्यंत बदलू नका.

फोनमुळे दोन्ही जागा जोडणे फार सोपे झाले आहे, आणि म्हणूनच तिथे जपावे लागते. फोन चालू असताना एकाच टोकाला राहा. एक वाक्य सुनंदाजवळ आणि पुढचे माधवजवळ असे लिहिले की वाचकाला खोली कोणाची आहे ते कळेनासे होते. दुसऱ्या टोकाला जायचेच असेल तर फोन ठेवल्यानंतर जा.

## ९. खूण

सांध्यावर नुसती रिकामी ओळ सोडणे धोक्याचे आहे. मजकूर फोनवरून पाठवला की ती कधी कधी नाहीशी होते, आणि छापताना पानाच्या अगदी तळाशी आली तर कोणाला दिसत नाही. ओळीच्या मधोमध तीन तारका टाका. प्रत्येक दिवस बदलताना मात्र तारका नकोत. "रात्री बाराला पाऊस थांबला" असे परिच्छेदाच्या सुरुवातीला लिहूनही काही तास ओलांडता येतात. अडीच हजार शब्दांच्या कथेत पाच-सहा वेळा तारका आल्या की मला कथेचे तुकडे दिसू लागतात, आणि तेव्हा मी एखादा प्रसंग कमी करता येतो का ते पाहतो.

## १०. सांध्यांची तपासणी

आता त्या माणसाला बोलवा ज्याला कथा माहीत नाही. त्याला पूर्ण कथा देऊ नका. प्रत्येक सांध्याच्या आधीची दोन वाक्ये आणि नंतरची तीन वाक्ये मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा: कोण आहे, कुठे आहे, किती वेळ गेला? उत्तर यायला वेळ लागला तर तेवढ्यावर खूण करा, आणि तिथल्या तिथे समजावून सांगू नका. तुम्ही समजावले की पुढच्या सांध्यांची उत्तरे तो तुमच्या बोलण्यातून देऊ लागतो.

त्यानंतर दुसऱ्या पायरीतील दिवसांची यादी काढून त्याची उत्तरे तिच्याशेजारी लिहा. माझ्या कथेतील पाचपैकी चार सांध्यांवर उत्तरे जुळली. पाचव्यावर, काढणीच्या प्रसंगात, ऐकणाऱ्याने "दुसरा दिवस" असे सांगितले, प्रत्यक्षात महिना गेला होता. मी तिथे "क्रेट भरू लागले" असे लिहिले होते, आणि क्रेट तर व्यापाऱ्याशी बोलणी झाल्यावर दुसऱ्या दिवशीही भरता येतात. पाणी उतरल्यानंतर गोडी यायला लागणारा काळ त्या वाक्यात कुठेच नव्हता. मग मी तात्यांना खुर्चीतून उठवले. आता तो प्रसंग असा सुरू होतो: "महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी तात्या काठी टेकत पहिल्या ओळीपर्यंत चालत गेले आणि त्यांनी पहिला घड स्वतः कापला."